उजवीकडचं यकृत

मालेगावात अरबीचं काम फक्त माझ्याकडे, असं मी छाती ठोकून सांगायचो. आखाती देशातल्या छापखान्यात अरबी पानं जुळवत मी ते शिकलो. मग माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं समोर दुकान टाकलं, आणि गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायला लागली.

जवळच्या मानोरा गावच्या एक शिक्षिकाबाईही आधी त्याच्याकडेच गेल्या. आखातातल्या एका शाळेत त्यांना जीवशास्त्र शिकवायचं होतं, इंग्रजीतूनच; पण तक्त्यावर नावं अरबीत हवी होती. नोकरी ठरणार होती दुसऱ्या दिवशीच्या नमुना पाठावर. पुस्तकातल्या पचनसंस्थेच्या आकृतीचा फोटो त्यांनी त्याला दिला, त्यानं नावं अरबीत घातली. माझ्याकडे आल्या त्या फक्त रंगीत छपाईसाठी; त्याची शाई संपली होती.

पडद्यावर आकृती उघडली आणि मी चुका शोधायला लागलो. यकृताला उर्दूतलं 'जिगर' ठोकून देईल असं वाटलं होतं, तर 'अल्-कबिद' होतं. जठर, अन्ननलिका, स्वादुपिंड, सगळी पुस्तकी अरबी नावं. माझा जीव जळला.

मग दिसलं. अरबी उजवीकडून लिहितात म्हणून पठ्ठ्यानं अख्खं चित्रच आरशासारखं उलटवलं होतं.

"बाई, यकृत कोणत्या बाजूले असते?"

"उजव्या," म्हणत त्यांनी स्वतःच्या बरगडीवर हात ठेवला, मग पडद्याकडे पाहिलं. "अगं बाई! माणूस समोर उभा आहे म्हणजे ते आपल्या डाव्या हाताले पाहिजे. इथं तं उलटं झालं! मोबाइलवर मी नुसती अक्षरंच पाहत बसली."

काम आता माझंच, असं मी धरून चाललो. त्यांनी फोन लावला तो त्याला. "दादा, चित्र उलटलं जी." त्यानं लगेच सरळ करून पाठवलं. बाई खूश. "किती हुशार पोरगा आहे, नाही भाऊ?"

मी पडदा निरखला. चित्र फिरलं होतं, पण नावं अन् रेघा जागच्या जागी होत्या. 'अल्-कबिद'ची रेघ आता जठरात घुसली होती आणि जठराच्या 'अल्-मइदा'ची यकृतात. अरबी न येणाऱ्या बाईंना ते कळणार नव्हतं. मी तसंच छापलं असतं तर तोंडघशी तोच पडला असता. पण त्याच्याआधी बाई पडल्या असत्या.

मी बाईंचा फोन ओढून घेतला आणि त्याला लावला. "अबे, यकृताचं नाव जठराले कायले चिकटवलं? हेच शिकवलं का तुले?"

"चुकलं उस्ताद," तो म्हणाला. "तुमीच करून द्या ना. तुमचा हात साफ आहे."

एवढं गोड बोलला की शिवीही देता येईना. मी नावं आपापल्या बाजूला नेली, एकेक रेघ योग्य अवयवाला भिडवली. खाली कोपऱ्यात त्याच्या दुकानाचं नाव होतं. तिकडे माझा हात गेला.

"ते राहू द्या भाऊ," बाई म्हणाल्या. "मेहनत त्याची आहे ना."

मी छापून दिलं. यकृत जागेवर, जठर जागेवर, आणि खाली त्याचं नाव, ठळक.