काळुरामचं भाषण आणि लावलेलं दार

रोह्याच्या बाजारपेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर निशिगंधाताईंचं टायपिंगचं काम चालतं. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायटीचे अहवाल असं काय काय येत असतं. पण तालुक्याबाहेरची माणसंही त्यांच्याकडे येतात ती भाषणं घेऊन. कोणी कार्यक्रमात बोललेलं असतं, कोणी ते मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं असतं, आणि त्यातून छापण्याजोगी मराठी काढायची असते. ताई याला भाषण निवडणं म्हणतात. तांदूळ निवडतात तसं. खडे जावेत, दाणा जाऊ नये.

त्यांची एक रीत आहे. आधी सगळं मोठ्यानं वाचायचं, कारण इंग्रजी अक्षरांतली मराठी डोळ्यांना परकी वाटली तरी कानाला ओळखीची लागते. मग देवनागरीत उतरवायचं. बोलणारा ‘नाय’ म्हणाला असेल तर ‘नाय’च ठेवायचं. अडलं तिथे अंदाज करायचा नाही, प्रश्नचिन्ह घालून ठेवायचं आणि नंतर विचारायचं. ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ ही अडखळ काढायची, माइकवरच्या सूचना काढायच्या. सारांश सगळ्यात शेवटी, आपल्या साध्या मराठीत; आणि तो छापण्याआधी बोलणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचा.

एका वर्षी हमरापूरच्या मूर्तिकारांच्या मंडळानं स्मरणिका काढायचं ठरवलं. मंडळाचा चिटणीस रितेश काळुराम दादांचं भाषण घेऊन आला. काळुराम म्हणजे गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीत नावाजलेला माणूस. पेणच्या बाजारात लोक म्हणत, काळुरामच्या कारखान्यातली मूर्ती आपल्याकडे बघते. त्यांचा सत्कार झाला होता आणि जन्मात पहिल्यांदा ते माइकसमोर उभे राहिले होते.

“रेकॉर्डिंग?” ताईंनी विचारलं.

“फोन भरला होता ताई, टाइप करून झाल्यावर उडवलं. पण ऐकून ऐकून सगळं लिवलंय. एक शब्द सोडला नाय.”

“सोडला नाहीस हे खरं. एकच शब्द चार तऱ्हांनी लिहिलायस.”

“आमची ती पद्धत हाय,” रितेश हसला. “अर्धं पान ठेवलंय दादांना. उद्या छापायला जाणार.”

ताईंचं म्हणणं खरं होतं. एका ओळीत dola, पुढच्या ओळीत dolaa, तिसरीकडे doLa. पूर्णविराम नाही, अवतरणचिन्ह नाही, सगळं एका दमात. ‘dola asach nay ughadat aadhi aapan thambaych gharat kon ragat asal tar kunchla thevaych dar lavun ghya bhaat nivla pora nijli mang basaych.’ ताई मोठ्यानं वाचत गेल्या आणि हळूहळू त्यांचा आवाज आपोआप खाली आला. डोळा असाच नाय उघडत. आधी आपण थांबायचं. पन्नास वर्षं कुंचला धरलेला माणूस असं बोलतो तर, त्यांच्या मनात आलं. देवळात गेल्यासारखं वाटलं त्यांना.

एका गोष्टीचं मात्र नवल वाटत होतं. ‘dar lavun ghya’ हे मध्येच परत परत येत होतं. सभागृहाचं दार वाऱ्यानं उघडत असणार आणि दादा कोणाला तरी सांगत असणार. पंखा बंद करा, माइक जवळ घ्या, तसंच हे. ताईंनी ती वाक्यं काढून टाकली आणि सारांश लिहिला. ‘काळुराम दादा म्हणाले, डोळा आधी मनात उघडावा लागतो. घरात कोणी रागात असेल तेव्हा मी आखणीला बसलो नाही.’

सकाळच्या गाडीनं त्या हमरापूरला उतरल्या.

कारखान्यात मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. रंग चढलेल्या, पण डोळे नसलेल्या. काळुराम पाटावर बसले होते. त्यांची बायको गिरजाबाई मागच्या दाराशी भांडी विसळत होती.

“तुम्ही नव्हतात का कार्यक्रमाला?” ताईंनी तिला विचारलं.

“लेकीचं बाळंतपण होतं खांब गावाला. आन मी काय करू तिथं? यांचा सत्कार, यांनी घेतला.”

ताई वाचू लागल्या. गिरजाबाईचे हात भांड्यावर थांबले. ‘घरात कोणी रागात असेल’ हे वाक्य आलं तशी ती उठली आणि आत गेली. काळुरामनी ते पाहिलं.

“थांबा बाई,” ते म्हणाले. “हे मी बोललो नाय.”

“दादा, रितेशनं शब्दन् शब्द लिहिलाय. हे बघा.”

“तोंड माझं होतं. बोलणं तिचं होतं.” त्यांनी आतल्या दाराकडे हनुवटी केली. “आणि दाराचं कुठं गेलं? दार लावून घ्या, ते?”

“ते सभागृहाचं दार ना? म्हणून काढलं मी.”

काळुरामनी ओळीतल्या मूर्तींकडे हात केला.

“माझा हात रंगाचा. डोळ्याचा नाय. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं एक मूर्ती हळूच आखली. माझ्या बापानं ती बघितली. मंग म्हणाला, यापुढं हीच आखंल, पण गिऱ्हाइकाला कळता कामा नाय. बाईनं आखलेला डोळा कोणी घेणार नाय. तेव्हापासून दुपारचं जेवणखाण आटपलं का ती बसायची आणि मला सांगायची, दार लावून घ्या. कोण आलं तर सांगा, माणूस आखणीला बसलाय. मी बाहेर उभा. लोक मला हात जोडायचे.”

“म्हणजे भाषणात तुम्ही…”

“तिचंच बोलत होतो. ती बोलते तसं, तिचा आवाज काढून. समोरच्यांना कळलं, बाया रडल्या. कागदावर नाय कळलं का?”

ताईंनी मूळ टाइप केलेलं पुन्हा काढलं आणि तिथेच, त्या बिनडोळ्यांच्या मूर्तींसमोर, पहिल्यापासून वाचलं. आता एका दमाच्या त्या ओळींत दोन माणसं दिसत होती. एक आत बसून बोलत होतं, एक दाराशी उभं राहून ऐकत होतं. भात निवला, पोरं निजली, मंग बसायचं. असं पुरुष कशाला बोलेल? अक्षरं तीच होती, कालचीच.

गिरजाबाई चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“चारचौघांत सांगितलंत?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“सांगितलं.”

“आन माझं दाराचंपन?”

“तेपन.”

“वेडे हाव तुम्ही.” तिनं चहा ठेवला, पदरानं तोंड पुसलं. मग ताईंकडे वळली. “बाय, तू लिवशील ते छापतील ना? मंग नीट लिव. यांचापन हात हाय त्यात. दाराशी इतकी वर्सं कोण उभा ऱ्हातो?”

ताईंनी पाटावरच कागद घेतला. काढलेली सगळी वाक्यं जागच्या जागी ठेवली, तिच्या बोलण्याला अवतरणचिन्हं घातली. सारांशाचं पहिलं वाक्य झालं, ‘या कारखान्यातल्या मूर्तींचे डोळे गिरजाबाई आखतात, असं काळुराम दादांनी सत्काराच्या वेळी सर्वांसमोर सांगितलं.’ तेवढं वाचून दाखवलं. काळुरामनी मान हलवली.

रितेशचा फोन आला. “ताई, झालं का? अर्धं पान हाय, ध्यानात हाय ना?”

“अर्ध्यात दोन माणसं बसायची नाहीत रे. जागा कर.”

गिरजाबाई पहिल्या मूर्तीसमोर बसली होती. रस्त्यावरून टेम्पो गेला, शेजारची बाई डोकावली, आणि काळुराम सवयीनं दाराकडे निघाले.

“ऱ्हाऊ द्या,” ती मूर्तीवरची नजर न काढता म्हणाली.

तिनं कुंचला टेकवला. ताई बघत होत्या. एक रेघ, मग तिच्या पोटात दुसरी, मग बारीकसा काळा ठिपका. आणि मूर्तीनं उघड्या दारातून बाहेर पाहिलं.