फळ्यावरचं अक्षर

मी आठवीत होते तेव्हा पांढुर्ण्याच्या आमच्या मराठी शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतर सूचना वाचायचं काम माझ्याकडे होतं. आवाज मोठा, एवढीच माझी लायकी. शाळेत माईक नव्हता. व्हरांड्याच्या वरच्या पायरीवर उभं राहून ओरडायचं.

एका सोमवारी बाबूजींनी, म्हणजे आमच्या शाळेच्या लिपिकांनी, कागद हातात दिला. आमच्या राज्याचा कारभार हिंदीत, म्हणून वरून आलेल्या हिंदी पत्राचं त्यांनी मराठी केलं होतं. "सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, येत्या गुरुवारी पूर्वाह्न अकरा वाजता शाळेच्या प्रांगणात नेत्रपरीक्षण शिबिराचे आयोजन करण्यात आले असून, ज्यांना दृष्टिदोष संभवतो त्यांनी पालकांच्या लेखी संमतीसह वर्गशिक्षकांकडे नावनोंदणी करावी." मी 'पूर्वाह्न'वर अडखळले आणि 'संभवतो'पर्यंत माझा श्वास संपला. रांगा मोडल्यावर माझी बाकावरची शेजारीण म्हणाली, "कायची छुट्टी आहे व गुरुवारी?"

दुपारपर्यंत एकाही वर्गातून नाव आलं नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत आमच्या मराठीच्या बाईंनी मला बोलावलं. त्या रोज सौसरहून बसने येत. बारीक अंगाच्या होत्या, वर्गात कधी आवाज चढवत नसत. "तो कागद आण," म्हणाल्या. "आता वाचू नको. काय आहे ते मला सांग."

"बाई, गुरुवारी डोळ्याचे डॉक्टर येऊन राहिले. ज्याले दिसत नाही त्यानं नाव द्यायचं. घरून सही आणायची."

"कालच्या कागदात हेच होतं?"

मी मान डोलावली.

"मग हेच लिहू."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. एक ओळ लिहायची, मला मोठ्यानं वाचायला लावायची, मी जिथं अडले तो शब्द खोडायचा. जिथं श्वास घेतला तिथं त्या उभी रेघ मारत. "ऐकणाऱ्याला कागद मागे उलटून पाहता येत नाही," म्हणाल्या. "म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट." वार आणि वेळ त्यांनी सुरुवातीला घातली आणि शेवटी पुन्हा घातली, कारण तिगाववरून गाडीने येणारी पोरं नेहमी उशिरा रांगेत शिरत. 'दृष्टिदोष'पाशी त्या थांबल्या. "तुझ्या वर्गात कोणाला दिसत नाही, हे कशावरून कळतं?"

मला माझी शेजारीण आठवली. ती फळ्यावरचं सगळं माझ्या वहीतून उतरवायची, आणि नकलाखोर म्हणून गणिताच्या सरांचा मार खायची. मी तसं सांगितलं. बाईंनी 'दृष्टिदोष' खोडून वर एक ओळ लिहिली.

हेडमास्तरांना तो कागद पटला नाही. "ही शाळेची सूचना आहे, गप्पा नाहीत."

"सर, फायलीत बाबूजींचीच राहू द्या," बाई म्हणाल्या. "हिच्या तोंडात ही द्या."

बुधवारी मी पायरीवर उभी राहिले.

"उद्या, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, आपल्या शाळेत डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. फळ्यावरचं अक्षर तुम्हाला नीट दिसत नसेल, तर लपवू नका. त्यात तुमची काही चूक नाही. आजच आपल्या बाईंना किंवा सरांना नाव सांगा. घरून आईची नाही तर वडिलांची सही आणा. सही येत नसेल तर अंगठा चालेल. विसरू नका, उद्या, सकाळी अकरा वाजता."

'चूक नाही' नंतर बाईंनी दोन रेघा मारल्या होत्या. तिथं मी थांबले, आणि सगळं मैदान माझ्याबरोबर थांबलं. शेवटच्या रांगेतला खोकलासुद्धा थांबला. आवाज तोच होता, पायरी तीच होती, आणि एवढी पोरं माझ्या तोंडाकडे पाहत होती.

रांगा सुटल्या तशी शेजारीण सरळ बाईंकडे गेली. तिच्या मागे सहावीतली दोन पोरं, मग आणखी. गणिताचे सर व्हरांड्यात खडूचा डबा धरून हे पाहत होते. वर्गात आल्यावर त्यांनी त्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवलं.

गुरुवारी तिनं कागदावर वडिलांचा निळा अंगठा आणला. डॉक्टरांनी तिच्या नाकावर लोखंडी चौकट ठेवली आणि एकेक काच बदलून पाहिली. तिसऱ्या की चौथ्या काचेला तिनं तक्त्यावरून मान वळवली. मग दाराबाहेर पाहत म्हणाली, "बापा! त्या छपरावरचे कवेलू वेगळे वेगळे आहेत!"

मी बाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून पुढच्या पोराचं नाव लिहीत होत्या. त्यांच्या हातात तोच साधा बॉलपेन होता, आणि त्यातून निघालेल्या एका ओळीनं एवढं घडलं म्हणून मला त्या पेनकडे नुसतं पाहायचीही भीती वाटली.

तिचा चष्मा दिवाळीनंतर आला. त्यानंतर तिनं माझी वही कधी मागितली नाही. उलट तिचं अक्षर माझ्याहून सुरेख निघालं, आणि उरलेलं वर्षभर सूचनांचे कागद मी तिच्याकडून लिहून घेतले, श्वासाच्या त्या उभ्या रेघांसकट.