ओळीतला एक शब्द

लातूरला क्लासेसच्या भागात आमचं डिझाइनचं दुकान होतं. आमचं म्हणजे माझ्या यजमानांचं. मी शाळेत ग्रंथपाल. सुट्टीच्या दिवशी तिथे बसून मजकूर तपासायची. भूकंपात त्यांच्या गावची घरं पडली, तेव्हा ते शहरात येऊन ब्रशने पाट्या रंगवू लागले आणि पुढे संगणकावर आले. त्यांना जाऊन आता दुसरा उन्हाळा आहे. दुकानातल्या पुष्कळ गोष्टी मनात धूसर होत चालल्यात. निकालाच्या दिवसांतली एक सकाळ मात्र तशी झालेली नाही.

एक मुलगी पायऱ्या चढून आली. मुखेडची, मेडिकलला लागलेली. क्लासने तिच्या अभिनंदनाची पोस्ट तयार केली होती, ग्रुपवर अजून टाकली नव्हती. फोटोखाली ओळ होती : ‘आई-वडिलांचे स्वप्न साकार’.

“काका, ‘वडिलांचे’ काढून ‘मामांचे’ करायचंय.”

वडील ती लहान असतानाच घर सोडून गेले होते. आई आणि ती मामाच्या घरी राहिल्या. दुपारच्या एसटीने मामा सत्काराला येणार होते. क्लासचा डिझायनर गावाला गेलेला, मूळ फाइल त्याच्याकडे. क्लासवाले म्हणाले होते, बदलून आण, आम्ही ग्रुपवर टाकतो.

“दहा मिनिटांचं काम हाय,” हे म्हणाले.

“पण मागून चिकटवल्यासारखं दिसू नये, काका. मामाला कळलं की मी सांगून बदलून घेतलं, तर ते सत्काराला थांबायचे न्हाईत. लई मानी हायत.”

मोबाइलवरून आलेलं चित्र. त्यात अक्षरं वेगळी काढता येत नव्हती. यांनी ‘च’चं वळण पाहून फॉन्ट ओळखला, जुना शब्द मागच्या निळ्या रंगाने झाकला आणि नवा लिहिला. पिवळा ते लाल रंग भरला, पांढरी कड दिली, खाली सावली टाकली. खुर्ची मागे सारून म्हणाले, “झालं.”

मुलगी मान तिरकी करून पडद्याकडे बघू लागली. मीच म्हणाले, “अहो, ओळ ‘मामां’पाशी पुन्हा नव्याने सुरू होतेय.”

तसंच होतं. मूळ रंग ‘आई’च्या पिवळ्यापासून ‘साकार’च्या लालापर्यंत सबंध ओळीतून उतरत गेला होता. यांनी तो सगळा उतार एका शब्दात कोंबला होता.

“लायब्ररीवाल्यांना दाखवलं हेच चुकलं,” हे मला म्हणाले, पण हसून.

मग मूळ चित्रात त्यांनी ‘व’च्या सुरुवातीचा आणि ‘चे’च्या शेवटचा रंग उचलला आणि तेवढ्याच दोन रंगांमधला उतार नव्या शब्दाला दिला. ओळ सलग वाटू लागली. आता कडेकडे लक्ष गेलं. जिथे काना अक्षराला मिळतो, तिथे पांढरी रेघ आतूनच गेली होती. प्रत्येक तुकड्याला वेगळी कड लागलेली. तुकडे जोडून त्यांनी शब्दाचा एकच आकार केला, तेव्हा कड बाहेरून नीट फिरली. जाडी शेजारच्या ‘स्वप्न’शी ताडून पाहिली.

‘मामांचे’ एका अक्षराने आखूड, म्हणून जागा उरत होती. अक्षरं लांब लांब ठेवली तर शिरोरेघ तुटते, ताणली तर जाड दिसतात. शेवटी त्यांनी ‘आई-’ कापून किंचित उजवीकडे सरकवलं.

“मूळची सावली काळी न्हाई, काका,” मुलगी वाकून म्हणाली. “बाकीच्या शब्दांची निळसर दिसायलीय.”

“डॉक्टरीण बाई, बसा की माझ्या खुर्चीवर!”

पण त्यांनी ऐकलं. सावली पातळ केली, तसा खालचा निळा तिच्यातून दिसू लागला. दिशाही बाकीच्यांसारखी उजवीकडे खाली घेतली. तरी नवा शब्द फार टवटवीत दिसत होता. या मोबाइलवरून त्या मोबाइलवर येताना चित्रातली बाकीची अक्षरं मऊ पडलेली. याच्याही कडा त्यांनी जराशा धूसर केल्या, आणि तयार चित्र तिच्या मोबाइलवर पाठवलं.

मुलीने ते स्वतःच्या मोबाइलवर मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं आणि क्लासला पाठवलं. जाताना मला म्हणाली, “काकू, दुपारी सत्काराला तुम्ही दोघंही या.”

आम्ही गेलो. मामा सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढून हॉलच्या दाराशीच उभे होते, हातातल्या मोबाइलवर तीच पोस्ट. बराच वेळ वाचत राहिले. मग भाचीला विचारलं, “हे क्लासवाल्यांना कुणी सांगितलं गं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? फॉर्मवर पालक म्हणून तुमचीच सही हाय की.”

“हाव, ते बी खरंच.”

त्यांनी ओळीवर बोट ठेवून चित्र मोठं केलं. जोड दिसतो की काय म्हणून मी दुसरीकडे पाहिलं. शेजारी यांनीही मान खाली घातली होती. मामांनी ‘मामांचे’ हा शब्द हळू आवाजात वाचला, मोबाइल शेजारच्या अनोळखी पालकापुढे धरला आणि म्हणाले, “वाचा तर. मोठ्यानं वाचा.”

मग ते आत जाऊन पहिल्या रांगेत बसले.