चौथ्या गाळ्यातले सात इंच

आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात दिवे लावायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिल्यांदा टेप लावून तो मंडप मोजला. रत्नागिरीत राहून मी हेच काम करते. दुकानं, हॉटेलं, आरे-वारेच्या रस्त्याला झालेले बंगले. कुठे दिवा लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हे लोकांना पटवण्यात माझा निम्मा दिवस जातो. देवळाचं काम मला आधी केवळ घरचं म्हणून मिळालं होतं, कारण तो मंडप माझ्या वडिलांनी बांधला आहे.

वडील गवंडी. आता ऐंशीच्या घरात आहेत. चौतीस वर्षांपूर्वी जुना लाकडी मंडप उतरवून त्यांनी चिऱ्याचा नवा उभा केला. दारापासून गाभाऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना सहा-सहा खांब, खांबांवर अर्धगोल कमानी, एका ओळीत पाच. वर चुन्याचा पांढरा हात. संध्याकाळी तिथे गाव जमतं, देवापुढे गाऱ्हाणं घातलं जातं, आरती होते, शनिवारी भजन. सगळे म्हणायचे, मंडप देखणा झालाय. वडील मात्र आत येत नसत. पायरीवर उभं राहून तिथूनच हात जोडायचे आणि मागे फिरायचे. मी लहानपणापासून हेच बघत आले. पुढे मी समजूत करून घेतली की गुडघे दुखतात म्हणून.

मोजताना पहिला गाळा साडेसात फूट भरला. गाळा म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा. दुसरा साडेसात, तिसरा साडेसात. चौथा सहा फूट अकरा इंच. पाचवा परत साडेसात. मला वाटलं टेप वाकडी धरली. पुन्हा मोजलं. मग समोरच्या ओळीतला चौथा मोजला, तोही सहा फूट अकरा इंच. इंचभराचाही फरक नाही. एका बाजूला चूक होते हे मी समजू शकते. दोन्ही बाजूंना तीच चूक, त्याच जागी, तितकीच, हे चुकून होत नाही.

घरी आल्यावर विचारलं. वडिलांनी आधी पान लावून तोंडात टाकलं. मग म्हणाले की त्यांनी तीन गाळे दाराकडून आखले आणि एक गाभाऱ्याकडून; मध्ये उरेल तो चौथा. गाभाऱ्याकडचं माप घेताना जोत्याच्या दगडाची जाडी धरायची राहिली, सात इंच. दोरी लावली तेव्हा लक्षात आलं नाही. डावीकडचे खांब उभे झाले, तीन कमानी झाल्या आणि कमानीचा लाकडी साचा चौथ्या गाळ्यात शिरेना. तोवर उशीर झाला होता.

"मग उजवी बाजू?" मी विचारलं.

"समोरासमोर जुळायला नको?" ते म्हणाले. "एक वाकडं असलं तर दिसतं. दोन्ही सारखी असली तर नाय दिसत. म्हणून उजवी मुद्दाम चुकवली."

साचा त्यांनी कापून लहान केला. पण अर्धगोल कमान अरुंद झाली की ठेंगणीही होते. रुंदी सात इंच कमी म्हणजे उंची साडेतीन इंच कमी. माथे एका ओळीत राहावेत म्हणून त्यांनी चौथ्या कमानीची सुरुवात साडेतीन इंच वर उचलली. खांबावर आधी तेवढा सरळ भाग आणि मग बाक. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि म्हणूनच ते आत जात नव्हते. आत बसलो की डोळा तिकडेच जातो, ते म्हणाले, आणि वाटतं की सगळ्यांचा जातोय.

एवढं सांगून त्यांनी मला विचारलं की दिव्याने ते दिसेल का. मी म्हटलं, दिसू देणार नाही. मला तेव्हा त्यांची दया आली नाही, रागच आला. सात इंचांसाठी माणूस चौतीस वर्षं पायरीवर उभा राहतो? पण मरण्याआधी एकदा त्यांनी स्वतःच्या मंडपात पाठ टेकून आरती ऐकावी, हे मी त्या दिवशी ठरवलं.

देवस्थानचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते आणि त्यांना मधोमध झुंबर हवं होतं. मुंबईला असलेल्या गावच्या पोरांनी फोटो पाठवले होते. मी सांगितलं की झुंबर लावलंत तर लोक झुंबर बघतील आणि देव मागे पडेल. हे त्यांना पटलं. माझं खरं कारण वेगळं होतं. मधोमध भगभगीत दिवा असला की प्रत्येक खांबाची सावली बाहेरच्या भिंतीवर पडते आणि भिंतीवर दोन खांबांमधलं अंतर स्पष्ट मोजता येतं. सावलीसारखा चहाडखोर दुसरा कोणी नाही.

तोवर मंडपात भिंतीला ट्यूबलाइट होत्या. त्यांचा उजेड सपाट, सगळीकडे सारखाच पांढरा. त्यात कमानींना खोलीच नसते, म्हणून चौथी लपली होती. मला मंद, पिवळसर उजेड खालून वर कमानींच्या पोटावर टाकायचा होता, दिवा स्वतः न दिसता. खांबांच्या माथ्यावर लाकडी पट्टी बसवायची, तिच्या मागे एलईडीची पट्टी. पहिल्या चाचणीला मी दिवेलागणीच्या वेळी एकटी गेले. दिवे लावून दारात येऊन उभी राहिले. चौथ्या कमानी दोन्हीकडून माझ्याकडेच बघत होत्या.

कारणं दोन होती. सगळीकडे एकाच ताकदीचे दिवे लावले होते, पण चौथ्या गाळ्यात पृष्ठभाग कमी आणि दोन्हीकडचे दिवे एकमेकांना जवळ. म्हणून ती कमान जास्त उजळली. आणि बाक जिथे सुरू होतो तिथे उजेडाची रेघ पडत होती. बाकीच्यांत ती एका पातळीत, चौथीत साडेतीन इंच वर. पाच जणींतली एक टाचा उचलून उभी राहिल्यासारखी.

पुढचे दिवस मी तेच करत होते. लाकडी पट्टी पुढून चार इंच उंच करून सगळ्या खांबांवर एकाच पातळीत बसवली. चौथीचा उचललेला भाग तिच्या मागे गेला. बाकीच्या कमानींच्या बाकाची सुरुवातही थोडी झाकली, पण ती कुणी मोजत नाही. चौथ्या दोन्ही कमानींना वेगळी तार ओढून वेगळं बटण दिलं, उजेड कमी-जास्त करायचं. दारातून बघत, आत जाऊन थोडा कमी करत, परत दारात येत, अशा किती फेऱ्या घातल्या ते सांगत नाही. शेवटी ती पाचांतली एक झाली. फार कमी केला तर तिथे भोक पडल्यासारखं दिसे, तेही नको होतं.

मधल्या पट्ट्यात पाच पितळी दिवे टांगायचे होते, एकेका गाळ्यासमोर एक. अध्यक्ष टेप घेऊन आले. म्हणाले, दिव्यादिव्यांत अगदी सारखं अंतर ठेवा. नियमाने ते बरोबरच होतं. पण तसं केलं असतं तर काही दिवे कमानीच्या मध्यापासून सरकले असते, आणि दिवा कमानीच्या मधोमध नाही हे लहान मुलालाही कळतं. मी प्रत्येक दिवा आपापल्या गाळ्याच्या मध्यावर टांगला. त्यामुळे सात इंचांची तूट वाटली गेली, साडेतीन इंच चौथ्या दिव्याच्या अलीकडे आणि साडेतीन पलीकडे. खांबाची जाडी धरून दोन दिव्यांत नऊ फूट, त्यात साडेतीन इंच नजरेला कळत नाहीत. अध्यक्षांना मी सांगितलं की दिवे कमानींच्या ताब्यात असतात, टेपच्या नाही. त्यांना वाक्य आवडलं आणि त्यांनी टेप खिशात घातली. मी खोटं बोलले नाही. सगळं खरंही बोलले नाही.

दिवे लागायच्या दिवशी वडिलांना मी गाडीत घालून नेलं. पायरीशी ते थबकले. मी दंड धरला नाही, नुसती पुढे चालत गेले. मागे वळले तर ते आत आले होते. दोन्ही ओळी बघत होते, डावी, मग उजवी, परत डावी. त्यांचे डोळे अजून शाबूत आहेत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला दिसलं की त्यांना ती सापडत नाही.

"माझ्यापेक्षा बरं लपवलंस," ते हळूच म्हणाले. मला फार आनंद झाला.

ते पहिल्या खांबाशी पाठ टेकून बसले. माणसं येऊ लागली. आरतीला वेळ होता. एक म्हातारी बायकांच्या बाजूने, म्हणजे डावीकडून, खांबाखांबाला हात लावत पुढे गेली, थांबली, परत आली, परत पुढे गेली. मग माझ्याकडे येऊन उभी राहिली.

"बाय, तू दिवे लावलेस ना? गवंड्याची कमान कुठं गेली गो?"

मी काही समजले नाही असं दाखवलं. ती मलाच समजावू लागली. ती अरुंद कमान. शिमग्यात पालखी नाचवत बाहेर काढतात ती त्या गाळ्यातून काढत नाहीत, दांडा आडवा झाला की खांबाला घासतो. म्हणून म्हाताऱ्या बायका तिथे बसतात, कुणी उठवत नाही. तिची सासूही तिथेच बसायची. आज सगळ्या कमानी सारख्याच दिसतायत, तिची जागा तिला कळेना.

वडील ऐकत होते. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग त्यावर काहीच उरलं नाही.

"गवंड्याची कोण म्हणतं?" त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"सगळी म्हणतात. पहिल्या शिमग्यापासून."

म्हणजे मंडप झाला त्याच वर्षापासून गावाला माहीत होतं. गाव त्यात बसत होतं, आणि ते पायरीवर.

वडील खांबाला धरून उठले. मोजलं नाही, बघितलंही नाही फारसं. सरळ चौथ्या गाळ्याशी गेले आणि खांबावर तळहात ठेवला. म्हातारी त्यांच्या मागून गेली.

"ही," ते तिला म्हणाले. "सात इंच कमी हाय. माझ्याच हातून झालं."

"होय काय," ती म्हणाली आणि नेहमीच्या जागी बसली. मग तिने थोडं सरकून शेजारी जागा केली. बायकांची बाजू होती, तरी वडील बसले.

तिथून त्यांनी मला हात केला. मी जवळ गेले तेव्हा ते वर कमानीकडे बघत होते.

"ह्या दोघींचा उजेड वाढव," ते म्हणाले. "हिला संध्याकाळी आपली जागा दिसली पाहिजे."

इतक्या दिवसांचं काम एका बटणात जाणार होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी बटणापाशी गेले आणि दोन्ही चौथ्या कमानी पुऱ्या उजळल्या.