पाक धरून एकशे चव्वेचाळीस

मिहान या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये दर शुक्रवारी गुलाबजाम असे, आणि तो प्रेमिला काळबांडेंचा असे. आठवड्याचे इतर दिवस त्या फक्त वरण-भात-भाजी वाढणाऱ्या बाई होत्या. शुक्रवारी मात्र संगणकासमोर दिवसभर ताठ बसणारी माणसं त्यांच्यापुढे वाटी धरून नम्र होत.

मग कंपनीला कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी वाटू लागली. रात्री नऊपर्यंत बसवून ठेवण्याने आरोग्य बिघडत नाही असं आधीच ठरलं असल्यामुळे दोष गोडाचा निघाला. प्रत्येक पदार्थासमोर कॅलरीचं कार्ड लावायचं आणि दीडशेच्या वरचा गोड नग बंद करायचा, असा फतवा साहिल देवतळे या अधिकाऱ्याने काढला. गुलाबजामचा हिशोब त्याने स्वतःच केला. पाकाची किलोभर साखर पंचवीस नगांना वाटली, वर गोळ्याच्या कॅलरी मिळवल्या, आणि उत्तर आलं दोनशे शहात्तर.

"बंद," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारपासून उकडलेले चणे."

"चण्याले गोड कोण म्हणते, साहेब?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

त्यांचा हिशोब निराळा होता. गुलाबजाम पाकात नुसता पोहतो, म्हणून पाक मोजायचाच नाही. तसं धरलं तर एकशे सोळा. दोघांनाही आपल्या सोयीचं गणित चांगलं येत होतं.

कंपनीने आहारतज्ज्ञ म्हणून नेमलेली हिमानी दर गुरुवारी यायची. तिने दोन्ही आकडे ऐकले आणि वजनकाटा मागितला.

अर्धा किलो खवा, शंभर ग्रॅम मैदा. तळण्याआधी आणि तळल्यावर कढईतलं तेल मोजलं, तर पन्नास ग्रॅम कमी भरलं. खव्याच्या एकवीसशे कॅलरी, मैद्याच्या साडेतीनशे, तेलाच्या साडेचारशे. एकोणतीसशेला पंचवीसने भागलं की एकशे सोळा.

"पाहा, मीच बरोबर होती!" प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"थांबा हो, काकू."

तळलेला नग बावीस ग्रॅम होता. मुरल्यावर झाऱ्यावर निथळून मोजला, तर चाळीस. म्हणजे अठरा ग्रॅम पाक पोटात गेला होता. उकळून तयार झालेला पाक सोळाशे ग्रॅम, त्यात साखर हजार. त्या प्रमाणात अठरा ग्रॅम पाकात साखर सव्वाअकरा ग्रॅम, म्हणजे पंचेचाळीस कॅलरी.

"एकशे एकसष्ट," हिमानी म्हणाली. "बाकीची साखर भांड्यातच राहते. साहिल सरांनी तीही लोकांना खाऊ घातली."

प्रेमिलाबाईंचा चेहरा उतरला. अकरा कॅलरींसाठी शुक्रवार जाणार होता. त्यांनी जामून पाकातून लवकर काढून पाहिले. फोडले तर मध्ये कोरडी, पांढरी गाठ.

"हे वाढू मी? नरखेडच्या माह्या माहेरचे लोक तोंडात नाही घेणार," म्हणत त्यांनी ते बाजूला सारले.

"मग लहान करा ना वं," मदतीच्या कांताबाई म्हणाल्या.

"लहान काहून? माह्या हाताले एकच माप माहीत आहे."

हाताला नवं माप शिकवायला अख्खी दुपार लागली. तेवढ्याच गोळ्यातून पंचविसाऐवजी अठ्ठावीस झाले. कॅन्टीनची बाई गोळे वळते आहे की मूल जोजवते आहे, असं वाटावं इतक्या हळुवार त्या हात फिरवत होत्या. हिमानीने पुन्हा सगळं मोजलं. नगामागे सोळा ग्रॅम पाक, त्याच्या चाळीस कॅलरी. गोळ्याच्या आणि तेलाच्या एकशे चार. एकूण एकशे चव्वेचाळीस.

शुक्रवारी कार्ड लागलं: 'गुलाबजाम, एक नग, पाक निथळून, १४४.' साहिलने ते दोनदा वाचलं. नाइलाजाने हसला आणि वाटी पुढे केली. प्रेमिलाबाईंनी जामून झाऱ्यावर धरला, शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट पाहिली आणि वाटीत ठेवला. कोरड्या वाटीत तो परगावी बदली झाल्यासारखा दिसत होता.

"थोडा पाक?" साहिल म्हणाला.

"पाक कार्डात नाही, साहेब."

"अहो, एक पळी."

मागे रांग थांबली होती. प्रेमिलाबाईंनी आज मुद्दाम आलेल्या हिमानीकडे पाहिलं. "मॅडम, साहेबांच्या पळीचं कार्ड लिहून देता का?"

हिमानीने पळी काट्यावर ठेवली. तीस ग्रॅम पाक, पंच्याहत्तर कॅलरी. तिने शांतपणे कोऱ्या कार्डावर तेवढंच लिहिलं आणि पहिल्या कार्डाशेजारी उभं केलं. मागच्या कुणीतरी मोठ्याने बेरीज केली. "दोनशे एकोणीस!"

साहिलने वाटी मागे घेतली नाही. फतव्यात गोडाचा 'नग' म्हटलं होतं, आणि पाक काही नग नव्हता, हे त्याला तिथल्या तिथे सुचलं. पुढच्या शुक्रवारी तसं परिपत्रकच निघालं.

चणे आलेच नाहीत. गुलाबजाम राहिला, जरा लहान. आणि पळी पूर्वीपेक्षा मोठी आहे, असं कांताबाई सांगतात. प्रेमिलाबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "पळीचं माप मले कोणी सांगतलं नाही गा."