जादा नकलांचं बिल

सासऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, आणि मी चहाचे पेले तसेच ओट्यावर ठेवून बाहेर आले. सुनेने असं मध्येच बाहेर येऊन बोलायची आमच्या घरी पद्धत नव्हती. पण त्या कागदावर सही झाली असती तर माझं दुकान सहा महिन्यांत बसलं असतं, आणि ते मला एकटीलाच दिसत होतं.

दुकान म्हणजे काय, तर कुंभकोणमच्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली आणि त्यात एक फोटोकॉपीचं यंत्र. यंत्र भाड्याचं, तिरुच्चीच्या एका एजन्सीचं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि आमच्या गल्लीत असं यंत्र दुसरं नव्हतं. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून भाड्याचा करारही त्यांच्याच नावावर. नवरा बँकेत, सकाळी नऊला गेला की संध्याकाळी घरी. यंत्र चालवायची मी, शाई सांडायची माझ्या पदरावर, आणि अडकलेला कागद ओढून काढताना बोटं भाजायची तीही माझीच. सही मात्र मामंजींची. मला ते डाचायचं, पण तेव्हा बोलले नव्हते.

करार सोपा होता. महिन्याला दीड हजार रुपये भाडं आणि त्यात तीन हजार नकला. कागद आपला, शाई आणि दुरुस्ती त्यांची. तीन हजारांच्या वर गेलं की दर जादा नकलेला पंचाहत्तर पैसे. यंत्राच्या पोटात स्कूटरला असतो तसा एक आकडा फिरायचा. दर महिन्याच्या वीस तारखेला एजन्सीचा माणूस झाकण उघडून तो आकडा टिपून न्यायचा. फुकट गेलेल्या नकलांसाठी थोडी सूट धरायचा आणि उरलेल्यांचं बिल करायचा. गिऱ्हाइकाकडून मी नकलेला एक रुपया घेत असे.

नऊ महिने सगळं आटोपशीर चाललं. कोर्टातली कागदपत्रं, जमिनीचे उतारे, नाचियार्कोविलच्या दिवे घडवणाऱ्यांचे परवाने, तीन हजारांच्या आतबाहेर. मग शाळेचे निकाल लागले. गुणपत्रिका, जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, प्रत्येकाच्या पाच-पाच नकला. शेजारच्या साक्कोट्टै गावापासून रांग लागली म्हटलं तरी चालेल. यंत्र तापून बंद पडायचं, मी पंख्यासमोर बसवून त्याला गार करायची. वीस जूनला माणूस आकडा टिपून गेला आणि आठवड्याने बिल आलं साडेचार हजारांचं. सात हजार नकला झाल्या होत्या. वरच्या चार हजारांचे तीन हजार रुपये बिलावर वेगळ्या ओळीत, लाल शाईत छापलेले.

ती लाल ओळ बघून मामंजींची अन्नावरची वासनाच उडाली. जन्मभर त्यांनी कोर्टाच्या नक्कल खात्यात नोकरी केलेली. लाल शाई म्हणजे चूक, आणि वेगळ्या ओळीत लावलेली रक्कम म्हणजे दंड, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. आमच्या घराला कुणी दंड लावला, असंच त्यांनी धरलं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून बिल पंचांगात ठेवलं. मला सांगून उपयोग नाही असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी परस्पर तिरुच्चीला निरोप धाडला.

म्हणून एजन्सीचा विक्रेता दुसऱ्या दिवशी हजर. टाय लावलेला, गोड बोलणारा. त्याने सांगितलं की यावर उपाय सोपा आहे, मोठी योजना घ्या. महिन्याला तीन हजार भाडं, त्यात साडेसात हजार नकला. जूनमध्ये साडेचार हजार गेले, मोठ्या योजनेत तीनच हजार गेले असते. सरळ दीड हजारांचा फायदा, आणि ती लाल ओळ आयुष्यात पुन्हा दिसणार नाही. करार तेवढा तीन वर्षांचा. मामंजींना लाल ओळ दिसणार नाही एवढंच ऐकू आलं. त्यांनी पेन शोधून आणलं, टोपण काढलं आणि त्याच क्षणी मी बाहेर आले.

मी विक्रेत्याला तमिळमध्ये विचारलं, जूनचा हिशेब सांगितलात, फेब्रुवारीचा सांगा. तो हसला. मी हसले नाही. फेब्रुवारीत माझ्या जेमतेम तीन हजार नकला होतात. कागदाचे सहाशे जातात, भाड्याचे दीड हजार जातात, नऊशे हातात राहतात. मोठ्या योजनेत भाड्याचेच तीन हजार गेले तर कागदाचे सहाशे मी घरातून घालायचे. असे महिने वर्षात नऊ. गर्दीच्या तीन महिन्यांत दीड-दीड हजार वाचवायचे आणि बाकी नऊ महिने दीड-दीड हजार जास्त भरायचे, ही कसली बचत? विक्रेता म्हणाला, धंदा वाढेल ना अम्मा. मी म्हटलं, वाढेल तेव्हा बघू, तुमचं यंत्र कुठे पळून जात नाही.

मामंजींना मात्र ते पटलं नव्हतं. ते, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही आमच्या घरात टिकलेल्या जुन्या वळणाच्या मराठीत, विक्रेत्याला कळू नये म्हणून हळू बोलले, "दंड भरून धंदा करावयाचा कशास? मान राखून चार पैसे अधिक द्यावें."

मला राग आला. त्या रागातच मला सुचलं, नाहीतर मी नुसती रडले असते.

"मामंजी, तुमच्या खात्यात तातडीची नक्कल मागितली तर पक्षकाराला जादा फी लागायची ना?"

"लागावयाची."

"तो दंड होता का? तो पक्षकार गुन्हेगार होता?"

पेन त्यांच्या हातात तसंच होतं. नक्कल खात्यात बसून त्यांनी स्वतः किती लोकांकडून ती फी घेतली असेल, आणि एकालाही कधी अपराधी मानलं नसेल. मी आणखी म्हटलं, लग्नाला मोठी पातेली आपण भाड्याने आणतो. दिवसाच्या मानाने ती महागच पडतात. म्हणून रोजचा भात त्यात शिजवायला कुणी ती विकत घेतो का? त्यावर त्यांनी टोपण लावलं. हो म्हणाले नाहीत, पण टोपण लावलं.

विक्रेत्याला मात्र मी सोडलं नाही. जून परवडण्यासारखा नव्हता हे खरंच होतं. सात हजार रुपये जमले आणि कागद, बिल वजा जाता अकराशे उरले. दुप्पट घाम गाळून दोनशेच जास्त. म्हणून मी त्याला विचारलं, फक्त गर्दीच्या महिन्यांपुरत्या जास्त नकला घ्यायच्या असतील तर? तो टाय चाचपत बसला. मग म्हणाला की तशी एक सोय आहे, पण ती कुणी मागत नाही. मी म्हटलं, मी मागतेय. महिन्यापुरत्या चार हजार नकला, दोन हजार रुपये आगाऊ. म्हणजे पंचाहत्तरऐवजी पन्नास पैशांना पडणार. अटी दोन. पुढच्या महिन्यासाठी हव्या असतील तर या महिन्याच्या वीस तारखेच्या आत कळवायचं, कारण त्यांचा महिना वीसपासून वीसपर्यंत. आणि न वापरलेल्या नकला पुढच्या महिन्यात चालणार नाहीत. सात हजारांच्या महिन्याला त्यामुळे साडेतीन हजार पडले असते, मोठ्या योजनेपेक्षा पाचशे जास्त, पण बाकीचे महिने माझे मोकळे.

मामंजींचा त्यावर एकदम जीव जडला. मुदत म्हटली की त्यांना हुरूप यायचा. पुढच्या वर्षापासून दर महिन्याच्या पंधरा तारखेला ते दुकानात येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "कळवावयाचें काय?" मे महिन्यात मी हो म्हटलं की स्वतः टेलिफोन बूथवर जाऊन तिरुच्चीला कळवून यायचे, आणि पलीकडे फोन घेणाऱ्याचं नावही विचारून यायचे. पण मार्चमध्येही त्यांना कळवायचं असायचं. परीक्षा आहेत, थोडं वर गेलं तर, लाल ओळ आली तर. एका मार्चला आमची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, फार तर पाच-सहाशे नकला वर जातील, त्याचे साडेचारशे भरू. त्यासाठी दोन हजारांच्या नकला आगाऊ घेऊन कुजवायच्या? पंचाहत्तर पैशांनी दोन हजार रुपये होतात ते सत्तावीसशेच्या आसपास नकलांना, तेवढ्या वर जाणार असतील तरच ती सोय घ्यायची, नाहीतर सरळ जादा दर भरायचा. ते रुसून आत गेले. बिल आलं, लाल ओळीत साडेचारशे. मामंजींनी ते पंचांगात ठेवलं नाही, दुकानातल्या खिळ्याला अडकवलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि मी त्यांना चिडवलंही, की दंडाची पावती अशी चव्हाट्यावर का लावली.

अशी काही वर्षं गेली. विक्रेता दर वर्षी यायचा, मोठ्या योजनेचा कागद दाखवायचा, कॉफी पिऊन जायचा. मग गावात संगणकाचे वर्ग निघाले, नवी कॉलेजं निघाली. सुंदरपेरुमाळ कोयिल गावची मुलं सकाळच्या गाडीने येऊन वह्याच्या वह्या नकलायला टाकू लागली. मामंजींची पंधरा तारखेची फेरी जवळजवळ दर महिन्याला बूथपर्यंत जायला लागली. त्यांना आता चालताना धाप लागायची. एकदा बूथवरून येऊन ते पायरीवर बसून राहिले आणि मला माझाच हिशेब आठवला. गर्दीच्या महिन्याला माझी सोय पाचशे महाग, मोकळ्या महिन्याला दीड हजार स्वस्त, म्हणजे नऊ महिने गर्दीचे असले तर दोन्ही योजना सारख्याच पडतात. त्या वर्षी दहा झाले होते.

मीच तिरुच्चीला निरोप धाडला. विक्रेता आला, डोक्यावरचे केस कमी झालेले, टाय तोच. इतकी वर्षं नाही म्हणणारी बाई आज आपणहून हो म्हणतेय याचा त्याला आनंद कमी आणि संशय जास्त आला. मी त्याला गर्दीचे दहा महिने मोजून दाखवले. त्याने कागद काढून सवयीने मामंजींपुढे ठेवला.

मामंजींनी पेन घेतलं नाही. मला वाटलं, आता उलटं सुरू झालं, आता हे तीन वर्षांच्या बांधिलकीला घाबरणार. मी समजवायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि विक्रेत्याला तमिळमध्ये सांगितलं की करार नव्या नावाने लिहा. घरमालक म्हणून माझं संमतीपत्र वेगळं घ्या. मग माझ्याकडे वळून आमच्या भाषेत म्हणाले, "महिने मोजतें कोण? तूं. मग सही माझी कशास?"

त्यांनी खिशातून आपलं पेन काढलं, टोपण काढलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्या बोटांना शाई लागलेली होती. मी पदराला हात पुसले आणि सही केली.