शेऱ्याच्या रकान्यात

परदेशातल्या मुलानं साखर मोजायच्या यंत्रासोबत एक आखलेली वही आणि चार पानी पत्र पाठवलं होतं. पहिलीच ओळ होती, ‘आई, आधी हात साबणानं धुऊन कोरडे कर.’

आई फणकारली. “‘हात धू’ म्हणून याच्यावर ओरडून माझा घसा बसायचा, आणि आता हा मला शिकवतोय.” ती ओळ तिनं सोडून दिली.

बाकी सगळं मात्र पत्राबरहुकूम केलं. उपाशीपोटी, यंत्रात पट्टी खोचून, बोटाच्या कडेला सुई टोचली. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला सुईचं काय भय? पण आकडा आला तीनशे बारा, आणि तिचं धाबं दणाणलं.

शेजारची नर्स आली. तिनं आईचं बोट हुंगलं. “काकू, संत्रं सोललंत?”

“यांना दिलं सोलून. मी फोडही तोंडात टाकली नाही.”

“बोटाला लागलेला रसही मोजला गेलाय. हात धुवा आणि दुसरं बोट घ्या.”

हात धुऊन, पुसून, नव्या पट्टीवर आकडा आला एकशे अठरा.

आईनं दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहिले. शेऱ्याच्या रकान्याशी पेन जरा अडखळलं. मग तिनं लिहिलं, ‘पहिल्या वेळी हात धुतले नव्हते. आता ओरडायची पाळी तुझी.’